लाळेतलं आणि केसांतलं कॉर्टिसॉल मोजताना

घरात अर्धांगवायूचा किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या बायकांच्या दीर्घकाळच्या ताणावर आमचा अभ्यास होता, आणि नमुने गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. पुणे आणि आसपासची गावं. मोजायचं होतं कॉर्टिसॉल, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणारं, ताण आला की वाढणारं संप्रेरक. रक्तातून का नाही, असं घरोघरी विचारलं जायचं. एक तर सुई टोचायची भीतीच कॉर्टिसॉल वाढवते. शिवाय रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं, तर लाळेत उतरतं ते मोकळं, म्हणजे शरीरात खरोखर काम करणारं.

लाळ घ्यायला सोपी. कापसाची छोटी गुंडाळी एखाद-दोन मिनिटं तोंडात घोळवायची आणि नळीत टाकायची. अवघड आहे ते घड्याळ. कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं. जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते झपाट्याने चढतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. संशोधकांना रस असतो तो या सकाळच्या चढात, म्हणून जाग येताक्षणी, तीस मिनिटांनी आणि पंचेचाळीस मिनिटांनी असे तीन नमुने घ्यायचे. तोवर दात घासायचे नाहीत, चहा नाही, खाणं नाही.

हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात पहाटे पाचला उठणारी बाई आधी नवऱ्याची कूस बदलते, ओली चादर काढते, मग तिला नळी आठवते. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी फळ्यावर काल्पनिक आकडे मांडून दाखवलं होतं. समजा जाग आली तेव्हा कॉर्टिसॉल १० नॅनोमोल प्रति लिटर आहे, अर्ध्या तासाने १६ होतं आणि मग उतरू लागतं. म्हणजे चढ ६ चा. आता पहिला कापूस वीस मिनिटं उशिरा तोंडात गेला, तर तेव्हा पातळी १४ वर पोचलेली असते. त्यानंतर तीस मिनिटांनी, म्हणजे खऱ्या पन्नासाव्या मिनिटाला, ती शिखरावरून परत १४ वर आलेली असते. तक्त्यात चढ शून्य! आणि सपाट चढ म्हणजे दीर्घ ताणाने थकलेली यंत्रणा, असा निष्कर्ष काढायला सगळे टपलेलेच असतात. गंमत अशी, की जिच्यावर कामाचा बोजा जास्त तिलाच उशीर होण्याची शक्यता जास्त. म्हणजे चूक सगळीकडे सारखी विखुरत नाही, आपण जे शोधतोय त्याच दिशेला झुकते.

म्हणून नुसत्या वहीतल्या वेळेवर विसंबता येत नाही. या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये एकत्र येऊन ज्या सूचना काढल्या, त्यांतही जाग आल्याची आणि नमुन्याची वेळ यंत्राने नोंदवण्यावर भर आहे. आम्ही मनगटावर हालचाल टिपणारा पट्टा देत होतो आणि नळीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागत होतो. पट्टा सांगतो पाच वाजता जाग आली, पहिला फोटो पाच वीसचा, वहीत मात्र दोन्हीकडे ‘पाच’. असा दिवस सरळ बाजूला काढायचा. आणि एका दिवसाचा आकडा बराचसा त्या दिवसाचाच असतो. रात्री रुग्णाला ताप आला, झोप मोडली, की सकाळ बदलते. त्यामुळे किमान दोन दिवस तरी लागतातच, आणि माणसाचा स्थायी कल हवा असेल तर तेही अपुरे.

आणखी एक अडचण परदेशी सूचनांमध्ये मला सापडली नव्हती, ती म्हणजे मिसरी. गावातल्या बऱ्याच जणींचा हात उठल्याबरोबर मिसरीच्या डबीकडे जातो. तंबाखूतलं निकोटिन कॉर्टिसॉल वाढवतं, आणि चोळून हिरड्यांतून रक्त आलं तर लाळेत रक्तातलं कॉर्टिसॉल मिसळतं, जे लाळेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. गुलाबी झाक दिसली की नमुना बाद. तपकिरी झाक दिसली की विचारावं लागे, “मावशी, आधी मिसरी लावली का?” “जरा बोट फिरवलं गं नुसतं!”

केसांकडे आम्ही वळलो ते यातलं काहीच तिथे आड येत नाही म्हणून. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातलं थोडं कॉर्टिसॉल त्यात अडकतं. टाळूलगतचे तीन सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने मागचे तीन महिने. मधुमेहात रोजची साखर आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी यांच्यात जो फरक, तोच इथे लाळ आणि केसांत.

डोक्याच्या मागच्या बाजूला, भोवऱ्याच्या आसपास केस सर्वांत एकसारखे वाढतात, म्हणून तिथलेच घ्यायचे. वरचे केस चिमट्याने वर धरायचे, बारीक बट दोऱ्याने बांधायची आणि कात्री अगदी कातडीला टेकवून कापायची. अर्धा सेंटिमीटर वर कापलं तर सर्वांत ताजा पंधरवडाच डोक्यावर राहतो. मग बट अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात ठेवून टाळूकडचं टोक कोणतं याची खूण करायची. ही खूण नसेल तर नमुना टाकून द्यावा लागतो, कारण टोकाकडचे जुने केस धुण्याने आणि उन्हाने कॉर्टिसॉल गमावून बसलेले असतात. त्यामुळेच लांब वेणीतून दोन वर्षांचा इतिहास वाचता येत नाही, फार तर सहा सेंटिमीटरपर्यंत विश्वास ठेवायचा. एरवी फ्रीज लागत नाही, पाकीट कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवलं की झालं.

प्रयोगशाळेत केस आधी आयसोप्रोपेनॉलने धुतात, म्हणजे वरचा घाम आणि खोबरेल तेल निघतं, आणि मग रात्रभर मेथॅनॉलमध्ये ठेवून आतलं कॉर्टिसॉल बाहेर काढतात. रंग, मेंदी, आठवड्यातून किती वेळा न्हातात, हे सगळं प्रश्नावलीत होतं. एकीने नवस फेडायला तिरुपतीला केस दिले होते, तिचे दीडच सेंटिमीटर आले होते. तिच्या बाबतीत दीड महिन्यापलीकडे बोलणं शक्य नव्हतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं एका काकूंच्या निकालाने. सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा बाहेरगावी, प्रश्नावलीत ताणाचा गुणांक अगदी वर. केसांतलं कॉर्टिसॉल मात्र गटात जवळजवळ तळाशी. औषधांच्या यादीत काही नव्हतं. पुन्हा घरी गेले तेव्हा फडताळावर एक ट्यूब दिसली. “ते औषध नाही गं, खाजेचं मलम आहे,” काकू म्हणाल्या. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं, आत जोरकस स्टिरॉइड, आणि कित्येक महिने अंगभर लावलेलं. असं स्टिरॉइड कातडीतून आत गेलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल कमी करतं. हेच कारण होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण काकूंचा आकडा मुख्य विश्लेषणातून वगळला. त्यानंतर मी “औषधं कोणती घेता?” एवढंच विचारत नसे. मलम, दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन असं एकेक नाव घेऊन विचारायचे.

मलम नसतं तरी तो आकडा अशक्य नव्हता. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये झालेल्या मोठ्या विश्लेषणात, दीर्घकाळ ताण सोसलेल्या गटांत केसांतलं कॉर्टिसॉल सरासरी २२ टक्के जास्त दिसलं. पण माणूस स्वतःच्या तोंडाने जो ताण सांगतो, त्याच्याशी या आकड्याचा धड संबंध दिसला नाही. उलट वजनाशी दिसला. आघातोत्तर ताणविकारासारख्या आजारांत तर कॉर्टिसॉल कमीच आढळलं. म्हणजे २२ टक्के हा गटांतला फरक आहे. एकेका बाईतला नैसर्गिक फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

म्हणून अभ्यास संपल्यावर कोणालाच तिचा आकडा दिला नाही. बऱ्याच जणी रुसल्या. “एवढी बट कापून नेलीस, मग माझा ताण किती ते तरी सांग.” एचबीएवनसीला ठरलेली मर्यादा आहे, केसांतल्या कॉर्टिसॉलला नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असंही नाही. लाळेचा रात्री उशिराचा नमुना डॉक्टर तपासतात, पण तो कुशिंग नावाच्या आजारासाठी, ताणासाठी नाही. हल्ली ओळखीचे लोक पाकिटातून केस पाठवून ताण मोजून देणाऱ्या जाहिराती मला दाखवतात. मी त्यांना पैसे घालवू नका असंच सांगते.