जांघेतली खाज: न बघताच ‘दाद आहे’ म्हणून मोकळे होणारे डॉक्टर आणि माझा अनुभव

अजूनही राग गेलेला नाही म्हणून लिहून राहिलो आहे. जांघेतली प्रत्येक खाज दाद, म्हणजे फंगसमुळे होणारा नायटा, नसते आणि हे ओळखायला डॉक्टरला फक्त एकदा बघावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी बुटीबोरी एमआयडीसीत आहे, रोज नागपूरहून बाईकनं जाणं-येणं. जूनमध्ये आपल्याकडे कसं असतं माहीतच आहे, दोन सरी पडतात पण गरमी हटत नाही, अन् मे महिन्यात छान थंड हवा देणारा कूलर तेव्हा नुसती चिपचिप करतो. बाहेरच्या हवेतच ओल असते, त्यात कूलर आणखी ओल भरतो आणि अंगावरचा घाम वाळतच नाही. त्याच दिवसांत जांघेत सुरू झालं. खाज होती पण आग जास्त, आणि चालताना कातडी कातडीला चिकटून सोलल्यासारखं व्हायचं.

कंपनीजवळच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर खुर्चीवरून उठलेच नाहीत. "जांघेत खाज आहे? दाद आहे." मी म्हटलं सर एकदा बघून घ्या ना. तर म्हणे त्यात बघायचं काय, सध्या सगळ्यांना दादच आहे. टर्बिनाफिन या फंगसच्या औषधाची गोळी, त्याचंच मलम, संपलं. मागे रांग मोठी होती हे मला मान्य आहे, पण पडदा ओढून टॉर्च मारायला किती वेळ लागतो? गोळ्या नेमानं घेतल्या, फरक शून्य. परत गेलो तर परत न बघता गोळी डबल केली आणि सोबत थ्री-इन-वन मलम लिहून दिलं, ज्यात फंगसचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल असं सगळं एकत्र असतं. क्लोबेटासोल हे खूप कडक स्टेरॉइड आहे. लावल्यावर लाली अन् आग पटकन दबते, माणसाला वाटतं झालं बरं, पण कातडीची लढायची ताकदही दबते आणि आत फंगस आरामात वाढत राहते. मलम बंद केलं की दुप्पट. माझं अगदी असंच झालं. जांघेची कातडी मुळात पातळ, त्यात घडीत झाकलेली म्हणून औषध जास्त मुरतं, आणि तिथं असं मलम महिनोन्महिने लावलं तर कायमचे स्ट्रेच मार्क पडतात. मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर जांघेत लावायच्या आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवाच.

शेवटी शहरात स्किनच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी बघितलं, टॉर्च लावून, मग बोलल्या. दाद घडीपासून सुरू होते पण मांडीवर बाहेर पसरत जाते, तिची कड उठलेली, खवलेदार असते आणि मधली कातडी साफ होत जाते, अन् अंडकोषाची कातडी बहुतेक वेळा सुटते. माझं उलटं होतं. घडीच्या अगदी तळाशी सगळ्यात लाल आणि ओलं, दोन्ही बाजूंची कातडी जिथं एकमेकीला लागते तिथं सारखाच डाग, तळाला बारीक चीर, अंडकोषही लाल, अन् मोठ्या डागाच्या बाहेर सुट्या-सुट्या लाल पुटकुळ्या. त्या पुटकुळ्या मॅडमनी आरशात मला दाखवल्या, म्हणाल्या ही कॅन्डिडाची खूण, म्हणजे दादेहून वेगळी, यीस्ट जातीची फंगस. घडीतल्या नुसत्या घासण्यानं अन् ओलीनं जो दाह होतो तो इंटरट्रायगो, आणि त्यावर कॅन्डिडा येऊन बसली की असं दिसतं. पण स्टेरॉइड लावलं की दादेची कडही पुसट होते, म्हणून फक्त दिसण्यावर विसंबायचं नाही, स्क्रेपिंग करू म्हणाल्या.

आणि इथं मी अडकलो. टेस्ट तशी साधी आहे, ब्लेडनं कातडीचा वरचा भुसा खरवडायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, कातडी विरघळली की मायक्रोस्कोपखाली फंगस दिसते. पण वर औषधाचं मलम लावलेलं असेल तर फंगस असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणजे सगळी मलमं बंद करून थांबा. बाईक चालवायची, आठ तास शॉपफ्लोअरवर उभं राहायचं आणि जांघेत विस्तव. हे थांबणं फक्त त्या दवाखान्यात न बघता दिलेल्या मलमांमुळे होतं, पहिल्याच दिवशी कोणी बघितलं असतं तर त्याच दिवशी खरवडता आलं असतं! थांबायच्या काळात मॅडमनी गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या आणि नंतर कोरडं करून झिंक ऑक्साइडचा जाड थर, जेणेकरून कातडी कातडीवर घासणार नाही. आग निम्मी त्यानंच झाली, फंगसचं औषध सुरू व्हायच्या आधीच. तेव्हा कळलं घासणं काय करतं ते. पाण्यात राहून बोटं जशी फुगून पांढरी पडतात तशी घडीतली कातडी घामानं फुगते, मऊ पडते, आणि ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासते, मग वरचा थर निघतो. कॅन्डिडा बाहेरून यायचीही गरज नसते, आपल्याच अंगावर, पोटात ती थोडी असतेच, असा सोललेला ओला कोपरा मिळाला की वाढते. दाद मात्र दुसऱ्याच्या टॉवेलवरून, कपड्यांवरून किंवा स्वतःच्याच पायावरून येते.

(पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असतील तर चड्डीच्या आधी मोजे घाला, नाहीतर पायाची फंगस चड्डी घालताना वर चढते. हे मॅडमनी दुसऱ्या पेशंटला सांगितलं होतं, पण कामाचं आहे.)

रिपोर्ट आला, बडिंग यीस्ट आणि स्यूडोहायफी, म्हणजे कॅन्डिडा. दादेच्या फांद्या फुटलेल्या धाग्यांचा पत्ता नाही. टर्बिनाफिन दादेवर चांगलं, कॅन्डिडावर कमजोर, म्हणून त्या गोळ्या डबल करून काही होणारच नव्हतं. मला क्लोट्रिमाझोल १ टक्का दिलं, दिवसातून दोनदा, पातळ थर. गंमत नाही, हे साधं मलम दाद अन् कॅन्डिडा दोन्हीवर चालतं.

मॅडमनी शुगर तपासायला लावली. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर असलं की डायबिटीस धरतात, माझं ८ च्या पुढं निघालं, आणि मला काहीच माहीत नव्हतं. शुगर वाढली की कॅन्डिडाला बळ मिळतं, म्हणून घडीतलं हे दुखणं पुन्हा-पुन्हा होत असेल तर शुगर करून घ्याच.

बाकी जे केलं ते असं. अंघोळीनंतर टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं, मग पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच मलम. जीन्स बंद, ढगळ सुती पँट. जांघेपासून मांडी वेगळी ठेवणारी लांब पायांची सुती अंडरवेअर, आणि एक जास्तीची डब्यासोबत बॅगेत, जेवणाच्या सुट्टीत बदलायला. पावसात भिजलो तर कंपनीत पोचल्याबरोबर बदलायची, अंगावर वाळू द्यायची नाही. पावडर मात्र बंद, घामात तिचे गोळे होतात अन् तेच घासतात.

मलम लाली गेल्यावरही मॅडमनी सांगितलं तोवर लावलं. आता आग नाही, खाज नाही, फक्त काळपट डाग आहे. तो दाहानंतरचा रंग आहे, फिका व्हायला काही महिने लागतात आणि त्यावर काहीच लावायचं नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं आहे. मेडिकलवाला मात्र तो डाग घालवायचं मलम देतो म्हणत होता. ट्यूब फिरवून बघितली, त्यातही स्टेरॉइड, तिथंच परत केली.