भिंतीने सांगितलेला C

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला इंटिग्रेशन शिकवताना गणिताचे सर एकच गोष्ट धरून बसत: "पोट्टेहो, C लिहिला नाही तर उत्तर अर्धंच." तो C, म्हणजे इंटिग्रेशनचा स्थिरांक, कुठून काढायचा, हे मला पुढे स्थापत्य अभियांत्रिकीत कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला भिंतीत रोवलेली तुळई, शिकताना खरं उमगलं.

इकडे कापूस-तुरीच्या गोदामाला भिंतीतून पुढे आलेल्या लोखंडी तुळया असतात आणि त्यांवर पोती रचतात. समजा, तुळई 2 मीटर बाहेर आली आहे, पण भिंतीलगतच्या 1 मीटरवरच पोती आहेत: मीटरला 6 किलोन्यूटन. तुळईचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा EI धरू 500 किलोन्यूटन-मीटर². तुळईचं स्वतःचं वजन तूर्त बाजूला ठेवू. भिंतीपासूनचं अंतर x, तुळईची लांबी L, लोडची लांबी a, मीटरमागचा लोड w, तुळई जागेवरून वर-खाली किती हलली तो विक्षेप y आणि वरची दिशा धन.

लोडखालच्या भागात EI y'' = −w(a−x)²/2. एकदा इंटिग्रेट केलं की EI y' = w(a−x)³/6 + C₁. भिंतीशी स्लोप शून्य, म्हणून पुष्कळ मुलं C₁ शून्य धरतात. पण x = 0 ठेवल्यावर पहिलं पद wa³/6 उरतं, म्हणून C₁ = −wa³/6. तो शून्य धरला तर लोड संपतो तिथे स्लोप शून्य येतो आणि भिंतीत मात्र तुळई कललेली निघते; चूक तिथेच कळते. पुन्हा इंटिग्रेट करून भिंतीशी y = 0 घातलं की C₂ = wa⁴/24.

पुढच्या मोकळ्या मीटरवर मोमेंट नाही, y'' = 0. म्हणजे तुळई तिथे वाकत नाही, सरळ राहते, पण कललेली. या भागाचे दोन स्थिरांक भिंत देत नाही, सांधा देतो: x = a ला दोन्ही बाजूंचा स्लोप सारखा, विक्षेपही सारखा. सांध्याशी स्लोप wa³/6EI = 0.002 रेडियन आणि विक्षेप wa⁴/8EI = 1.5 मिलिमीटर. टोकाशी त्यात 0.002 × 1 मीटर, म्हणजे 2 मिलिमीटरची भर, एकूण 3.5. निम्म्याहून जास्त उतरण बिनलोडच्या भागात झाली!

आता तीच पोती बाहेरच्या मीटरवर सरकवा. पूर्ण लांबीवर लोड असता तर टोक wL⁴/8EI, म्हणजे 24 मिलिमीटर उतरलं असतं, त्यातून 3.5 वजा केले की 20.5 उरतात. वजन तेवढंच, उतरण जवळजवळ सहापट.

भिंतीशी y' = 0 हे आपण गृहीत धरतो. जुन्या विटांच्या बांधकामात तुळई मुळाशी जराशी फिरते. तिथे 0.002 रेडियन फिरली तरी 2 मीटरवर 4 मिलिमीटर जास्त उतरतात. म्हणून मोजमाप हिशेबापेक्षा बरंच जास्त आलं, तर मी आधी तुळईच्या मुळाशी विटांत भेग आहे का ते पाहतो, EI नंतर तपासतो.