“एकच चौकट तर वाढवायचीय!”

“एका ऑर्डरला दोन पत्ते हवेत. एकच चौकट तर वाढवायचीय!” ऑनलाइन ऑर्डरच्या सॉफ्टवेअरबद्दल क्लायंट फोनवर सहज म्हणाले.

चौकट अर्ध्या दिवसाची. पण दोन पत्ते म्हणजे डिलिव्हरीचा खर्च दोनदा, बिलाची विभागणी, अर्धीच ऑर्डर परत आली तर रिफंड, वर पास झालेल्या टेस्ट पुन्हा. बेरीज ९ दिवस.

तसं लिहून पाठवलं आणि विचारलं: तारीख पुढे ढकलायची, की काही वगळायचं? त्यांनी विक्रीचा रिपोर्ट पुढच्या टप्प्यात टाकला, लेखी मंजुरी दिली.

मगच बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी प्रगती ताडून पाहतो तो मंजूर आराखडा, १.१ केली. स्कोप, वेळापत्रक, खर्च तिन्ही एकदम, १.० जपून ठेवली. नुसता स्कोप बदलला असता, तर पुढच्या आढाव्यात टीम उगाच मागे पडलेली दिसली असती.

तुमच्याकडे असं ‘एकच’ काहीतरी फोनवरच मान्य होतं का?