हॉलची पांढरी झाक अखेर गेली, खिडकीजवळचा पट्टा मात्र हटत नाही

पुसलं की लख्ख, वाळलं की परत पांढरं. हॉलच्या मॅट व्हिट्रिफाइड टाइल्सवर सिमेंटची पांढरी झाक राहिली होती, अ‍ॅसिडने धुतली तरी परत यायची. ते कोडं सुटलं. दोष अ‍ॅसिडचा नव्हता, धुतल्यावरचं गढूळ पाणी नीट न उचलण्याचा होता.

सिमेंटचे जाड शिंतोडे आधीच काढले होते. ओला कपडा तासभर ठेवला, मग लाकडी पाचरीने आणि प्लॅस्टिक स्क्रेपरने सोलले. जाड थर अ‍ॅसिडने विरघळवत बसू नका. अ‍ॅसिड तिथेच संपतं आणि शेजारचे सांधे उगाच खाल्ले जातात.

झाकेसाठी सल्फॅमिक अ‍ॅसिडची पावडर, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. दुकानदार हायड्रोक्लोरिकचा कॅन पुढे करतात. मी घरात तो आणत नाही. त्याच्या वाफेने नळ आणि जाळ्या काळवंडतात, घसा जळतो. सल्फॅमिकला वाफ नाही, तरी रबरी हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या हव्यातच. आणि ब्लीच जवळपासही नको, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट आठवडाभर पक्कं होऊ दिलं होतं. कोपऱ्यातल्या टाइलवर चाचणी घेतली. मग सांधे साध्या पाण्याने भिजवले, म्हणजे ते अ‍ॅसिड शोषत नाहीत. दोन-तीन टाइल्सचाच तुकडा घ्यायचा, द्रावण पसरायचं, बारीक बुडबुडे दिसतात. पाच मिनिटं, वाळू न देता, मग पांढऱ्या नायलॉन पॅडने घासायचं.

खरी मेख यापुढे आहे. अ‍ॅसिडने चुना विरघळून पाण्यात क्षार होतो. ते पाणी फडक्याने नुसतं फिरवलं की वाळल्यावर क्षार पुन्हा टाइलवरच बसतो, मॅटच्या खडबडीत पृष्ठभागावर तर जास्तच. आता मी गढूळ पाणी वायपरने एका बाजूला ओढून लगेच टिपतो. त्यानंतर बादलीभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून एक हात, मग स्वच्छ पाण्याचे दोन हात, दर वेळी नवं पाणी. शेवटी कोरड्या सुती कपड्याने पुसून काढतो. सकाळी उन्हात तिरकं पाहिलं तरी टाइलवर काही नाही! इतका आनंद लादी बसली तेव्हाही झाला नव्हता.

उरलाय खिडकीजवळचा पट्टा. तिथे अ‍ॅसिडचा थेंब टाकला, एकही बुडबुडा नाही. म्हणजे सिमेंट नाही. वरच्या फॉल्स सीलिंगचं पीओपी घासलं होतं त्याची धूळ असावी, जिप्समवर अ‍ॅसिड चालत नाही. इथे अ‍ॅसिड बंद. कोमट पाण्याने भिजवलेला कपडा रात्रभर ठेवून पॅड मारून बघतो.

लिहिता लिहिता बाल्कनीचा बेतही बदलला. तिथे हेच द्रावण वापरणार होतो, पण ती कोटा फरशी आहे, म्हणजे चुनखडीच. अ‍ॅसिड डागासकट दगडाची चमक खाईल. तिथे फक्त पाणी, बांबूची पट्टी आणि वेळ.