त्या दिवशीचा दर

प्रवासाहून आल्यावर बॅग उघडायला मला दोन दिवस लागतात आणि पावत्यांना हात लावायला दोन आठवडे. यंदा एप्रिलच्या शेवटी ऑफिसच्या कामाने व्हिएन्ना, प्राग आणि झुरिक असा फेरा झाला. म्हणजे युरो, कोरुना आणि फ्रँक. पावत्यांचे फोटो मात्र त्या त्या वेळी काढून ठेवले होते, कारण त्या थर्मल कागदाचा काही भरवसा नसतो, उन्हात राहिला की अक्षरं गायब. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमचा नियम एकच: "प्रत्येक पावती त्या दिवशीच्या दराने. सरासरी काढून आणलीत तर परत पाठवीन."

दर मिळणं अवघड नाही. युरोपियन सेंट्रल बँक कामकाजाच्या दिवशी तिथल्या दुपारी चारच्या सुमारास दर जाहीर करते. (म्हणजे सकाळी आठला मी जी कॉफी प्यायले, तिचा दर तेव्हा जन्मालाही आला नव्हता.) पण हे सगळे दर युरोच्या हिशेबात असतात: एका युरोला इतके रुपये, इतके कोरुना, इतके फ्रँक. कोरुनाचे थेट रुपये त्यात नाहीत, आणि आपल्याकडच्या संदर्भ दरांच्या यादीतही कोरुना नाही. मग युरोचा पूल करून जायचं. समजा त्या दिवशी एका युरोला १०० रुपये आणि २५ कोरुना होते, तर कोरुना पडला चार रुपयांना. प्रागमधलं जेवण १,२४८ कोरुनांचं, म्हणजे ४,९९२ रुपये. घाईत भागाकार उलटा झाला की तेच जेवण ३१२ रुपयांत बसतं. प्रागमध्ये चौघांचं जेवण ३१२ रुपयांत, हे वाचून मलाच हसू आलं, म्हणून चूक सापडली.

खरी गंमत आकड्यांच्या लिखाणात होती. प्रागच्या पावतीवर तो आकडा "१ २४८,००" असा छापलेला: हजारानंतर मोकळी जागा आणि पैशांआधी स्वल्पविराम. व्हिएन्नात हजारानंतर टिंब. झुरिकला हजारावर चक्क अपॉस्ट्रॉफी. मी फोटोत दिसलं तसंच शीटमध्ये टाइप करत गेले. बेरीज आली, आणि अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली. मला वाटलं, वा, काटकसर जमली! मग पाहिलं तर काही आकडे रकान्यात डावीकडे चिकटून बसले होते. शीटला ते आकडे वाटलेच नव्हते, अक्षरं वाटली होती, आणि SUM अक्षरांना सरळ ओलांडून पुढे जातो, तक्रारही करत नाही. तेव्हापासून बेरजेआधी मी रकान्यावरून नजर फिरवते: उजवीकडे सरकलेलं ते पैसे, डावीकडे राहिलेलं ते शब्द.

झुरिकच्या पावत्यांवर आणखी एक गोम होती. खाली फ्रँकमध्ये एकूण रक्कम आणि तिच्याही खाली, पर्यटकांच्या सोयीसाठी, तीच रक्कम युरोत. शेवटचा आकडा म्हणजे एकूण, ही आपली शाळेपासूनची सवय. तीन पावत्यांचे युरो मी फ्रँक म्हणून उतरवले होते.

आता राहिली तारीख. शनिवार-रविवारी दर जाहीर होत नाहीत, तेव्हा शुक्रवारचा दर घ्यायचा, हे मॅडमशी आधीच ठरलं होतं. पण एका चिठ्ठीवर तारीखच नव्हती. व्हिएन्नाच्या नाशमार्क्टमधल्या फळवाल्याने पेन्सिलीने लिहून दिलेली, साडेनऊ युरोंची. फोटो सहकाऱ्याने काढून मला फॉरवर्ड केलेला, त्यामुळे फोटोच्या आतली मूळ तारीखही पुसलेली. बुधवार ३० एप्रिल की गुरुवार १ मे?

मी गॅलरी उपसली. बुधवारच्या फोटोत हातात छत्री, गुरुवारी स्वच्छ ऊन. चिठ्ठीचा कोपरा भिजलेला दिसत होता, पण तो द्राक्षांनीही भिजला असेल. मग आठवलं, १ मे म्हणजे तिथेही सुट्टी, बाजारातले गाळे बंद. म्हणजे बुधवारच! अर्धा तास गेला, पण पुरावा भक्कम होता. मॅडमना फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं: छत्री, द्राक्षं, बंद गाळे.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, १ मेला त्यांची बँकही बंद असते. गुरुवार धरला असता तरी दर बुधवारचाच लावला असता मी."