की मी उद्या पाठवतो

"क्लायंट सेड दॅट आय विल सेंड द रिवाइज्ड फाइल टुमॉरो." दुपारच्या सुस्तीत मेल उघडावा आणि हे वाक्य समोर यावं. पहिल्यांदा वाचताना काहीच खटकत नाही, कारण आपण ते मनातल्या मनात मराठीत वाचतो: क्लायंट म्हणाला की मी उद्या सुधारलेली फाइल पाठवतो. झालं, कळलं. मराठी न येणारा वाचक मात्र समजतो की फाइल मेल लिहिणाराच पाठवणार आहे, आणि क्लायंटने तसं फर्मान काढलंय. मग तो याची वाट बघतो, हा क्लायंटची, आणि क्लायंटच्या लेखी विषय मीटिंगमध्येच संपलेला असतो.

आपला 'की' फार उदार. त्याच्यापुढे बोलणाऱ्याचं वाक्य 'मी'सकट जसंच्या तसं ठेवता येतं. 'तो म्हणाला की मी येतो' यातला मी म्हणजे तो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतल्या 'दॅट'कडे हा मोठेपणा नाही. तिथे मी-तूचा हिशोब मेल लिहिणाऱ्याच्या जागेवरून मांडायचा असतो, म्हणून क्लायंटचा 'आय' हा 'ही' किंवा 'शी' होतो, आणि त्याने आपल्याला म्हटलेला 'यू' होतो 'वी'. प्रश्नाचंही तेच. 'विचारलं की कधी संपवणार' याचं सरळ 'आस्क्ड दॅट व्हेन विल यू फिनिश' होऊन बसतं. तिथे 'दॅट' नकोच, आणि 'विल यू' ही प्रश्नाची उलटापालटही नको: 'आस्क्ड व्हेन वी वुड फिनिश.'

शाळेत हे सगळं पाठ झालेलं असतं. 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'नाऊ'चं 'देन', असा तक्ताच असायचा आणि त्यावर हमखास प्रश्न. तक्ता चूक नाही, पण मेलला पुरत नाही. समजा मीटिंग गुरुवारी 13 जूनला झाली, मेल शुक्रवारी सकाळी गेला आणि वाचला गेला सोमवारी. 'टुमॉरो' म्हणजे बोलणाऱ्याचा शुक्रवार, लिहिणाऱ्याचा शनिवार आणि वाचणाऱ्याचा मंगळवार. एका शब्दात तीन वार! 'द नेक्स्ट डे' लिहिलं तर मीटिंग कधी झाली ते शोधत बसा. त्यापेक्षा 'बाय फ्रायडे, 14 जून' लिहून मोकळं व्हावं.

'विल'चं 'वुड' करायला पुष्कळांचा हात अडखळतो. मराठी कानाला 'वुड सेंड' म्हणजे 'पाठवणार होता' असं ऐकू येतं, आणि 'पाठवणार होता' म्हटलं की पाठवली नाही हे आलंच. इंग्रजीत तसं काही नाही. 'वुड' फक्त सांगतो की शब्द तेव्हाचे आहेत. शिवाय मुदत अजून पुढे असेल तर 'विल' ठेवलं तरी चालतं. जे आजही खरं आहे ते तर वर्तमानकाळातच बरं. 'क्लायंट सेड द लिमिट वॉज फिफ्टी यूजर्स' हे व्याकरणाला धरून आहे, पण वाचणारा लगेच विचारणार, मग आता किती?

मराठीत मेल लिहिला म्हणजे सुटलो, असंही नाही. 'मॅनेजर क्लायंटना म्हणाले की त्यांनी फाइल तपासायची आहे.' त्यांनी म्हणजे कुणी? आदरार्थी बहुवचनाने दोघांनाही मान दिला आणि काम कुणालाच दिलं नाही. अशा ठिकाणी सर्वनाम खोडून 'क्लायंटने' असं पुन्हा लिहावं. वाक्य जरा ओबडधोबड होतं, होऊ द्यावं.

पण खरी भांडणं लागतात ती क्रियापदावरून. मीटिंगमध्ये क्लायंट म्हणतो, "बघतो, टेस्ट डेटा बुधवारपर्यंत आला तर जमेल." मेलमध्ये त्याचं होतं 'क्लायंट कन्फर्म्ड.' 'बघतो' गेलं, 'तर' गेला, बुधवारही गेला. 'सेड'सारखं बिनरंगी क्रियापद कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक 'अग्रीड', 'कन्फर्म्ड', 'प्रॉमिस्ड' असे झगझगीत शब्द घालतात, आणि न दिलेलं वचन लेखी होऊन बसतं. 'सेड'च ठेवावं, त्यामागे अट पूर्ण लिहावी, आणि तारखेचे किंवा आकड्याचे नेमके शब्द अवतरणात टाकावेत. मग मात्र अवतरणातला 'आय' बदलायचा नाही. तिथे तो क्लायंटचाच.

खरं तर या सगळ्यावर आपल्याकडे एक जुनं औषध आहे: 'म्हणे'. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, काही विचारायचं नाही. मेलमध्ये ते चालत नाही, एवढीच काय ती पंचाईत. असो, सोमवार उजाडलाय आणि फाइलचा पत्ता नाही. उद्या येणार आहे म्हणे.