बॅक ट्रान्सलेशनमध्ये पास झालेला प्रश्न माणसांसमोर कसा आपटला (माझा अनुभव)

एका आरोग्य सर्व्हेसाठी मानसिक ताण मोजणारी छोटी प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. प्रश्नावली म्हणजे के-६, रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली छापलेली. फक्त सहा प्रश्न, सगळे गेल्या ३० दिवसांबद्दल, आणि उत्तरं "सगळा वेळ" पासून "अजिबात नाही" पर्यंत पाच. प्रत्येकाला ४ ते ० मार्क, म्हणजे एकूण जास्तीत जास्त २४, आणि १३ किंवा वर गेलं की ताण गंभीर असू शकतो असं सहसा धरतात. मला वाटलं सहाच तर प्रश्न आहेत, दोन दिवसांत उरकेल. पुढे महिना गेला, त्यातला निम्मा एकाच प्रश्नावर.

पद्धत ठरलेली होती. मी इंग्रजीवरून मराठी करायचं, मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही अशा माणसाने ते मराठी परत इंग्रजीत न्यायचं, आणि शेवटी दोन्ही इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून बघायचं की अर्थ कुठे सांडला. मूळ न पाहिलेला माणूस ही अट महत्त्वाची आहे, कारण मूळ ठाऊक असेल तर माणूस नकळत तिथेच जाऊन पोचतो, समोर काय लिहिलंय ते वाचतच नाही. आम्ही पहिल्यांदा इथेच चुकलो. आमच्या पहिल्या बॅक ट्रान्सलेटर बाई याच क्षेत्रात काम केलेल्या निघाल्या, के-६ त्यांना जवळजवळ तोंडपाठ, त्यामुळे परत आलेलं इंग्रजी मूळ प्रश्नांशी शब्दशः जुळलं आणि आम्ही खूश. दोन दिवसांनी त्याच सहज म्हणाल्या, "अहो, ही प्रश्नावली मी दहा वेळा वापरलीये." झालं, ती फेरी रद्द.

दुसरा माणूस बाहेरचा शोधला. त्याने लगेच एक चूक पकडून दिली. "रेस्टलेस ऑर फिजेटी" साठी मी नुसतं "अस्वस्थ" लिहिलं होतं, ते त्याच्याकडून "अनवेल", म्हणजे तब्येत बरी नसणं, असं परत आलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, दवाखान्यात "पेशंट अस्वस्थ आहे" म्हटलं की आपल्यालाही तेच वाटतं ना. मूळ प्रश्नात जी हालचाल आहे, एका जागी न बसवणं, ती माझ्या शब्दात नव्हतीच. मग "एका जागी बसवत नव्हतं, सारखी चुळबूळ होत होती" असं केलं, परत पाठवलं, नीट आलं. तोपर्यंत माझा या पद्धतीवर विश्वास बसला होता.

आता तो प्रश्न. इंग्रजीत आहे "एव्हरीथिंग वॉज ॲन एफर्ट", म्हणजे काहीही करायचं तर रेटून न्यावं लागतंय असं किती वेळा वाटलं. मी लिहिलं, "प्रत्येक गोष्टीसाठी प्रयत्न करावा लागतोय असं किती वेळा वाटलं?" हे इंग्रजीत परत गेल्यावर "एफर्ट" च आलं, दुसरं काय येणार. तुलनेच्या तक्त्यात या ओळीसमोर हिरवी खूण पडली. मीही पुढे गेले.

नशीब की त्यानंतर थोड्या लोकांशी बोलून प्रश्न तपासायचं ठरलं होतं. प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं की तुम्हाला यातून काय समजलं, हे उत्तर का दिलंत. पहिल्याच आजींनी "सगळा वेळ" सांगितलं, ताठ बसून, चेहऱ्यावर थकवा वगैरे काही नाही. मी विचारलं, आजी असं का? तर म्हणाल्या, "अगं प्रयत्न नको का करायला? प्रयत्नांती परमेश्वर." आणि बाकीच्या पाचही प्रश्नांना त्यांचं उत्तर "अजिबात नाही"! एका तरुण मुलाने तर "मी प्रयत्न कधी सोडत नाही" असं अभिमानाने सांगितलं आणि पूर्ण ४ मार्क घेतले. दुसरीकडे एक बाई, ज्यांचं बाकीच्या उत्तरांवरून खरंच बरं चाललेलं नव्हतं, त्यांनी इथे "अजिबात नाही" दिलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "हल्ली मी कशाचा प्रयत्नच करत नाही." म्हणजे मोजमाप सरळ उलटं झालं होतं, जो बरा आहे त्याला ४ आणि जो खचलाय त्याला ०. सर्व्हे असाच फील्डमध्ये गेला असता तर डेटामध्ये कळलं असतं म्हणा, कारण बाकी पाच प्रश्नांचे मार्क वाढतात तेव्हा हा त्यांच्यासोबत वाढला नसता. पण तोवर फॉर्म भरून झालेले असते.

दोष शब्दकोशाचा नाही. एफर्ट म्हणजे प्रयत्न हे बरोबरच आहे, फक्त मराठीत प्रयत्न हा गुण आहे आणि त्या इंग्रजी वाक्यात एफर्ट हे ओझं आहे. शब्दाला शब्द ठेवला की तो जाताना आणि येताना एकाच दारातून जातो, त्यामुळे बॅक ट्रान्सलेशनला काहीच दिसत नाही. रिचर्ड ब्रिस्लिन या माणसाने १९७० च्या पेपरमध्ये हीच पद्धत नीट मांडली आणि तिथेच बजावलं की अर्थ न जुळणाऱ्या शब्दांच्या ठरलेल्या जोड्या दोन्ही भाषा येणाऱ्यांच्या डोक्यात सारख्याच असू शकतात, आणि हुशार बॅक ट्रान्सलेटर वाईट भाषांतरातूनही शहाणं वाक्य काढू शकतो. मी हे नंतर वाचलं, अर्थात.

मग नवीन शब्द शोधायला लागलो. "कष्ट" घेतला तर तीच गोष्ट, कष्टाळू म्हणजे कौतुकच. मला "जिवावर यायचं" फार आवडलं होतं, अगदी बोलण्यातलं, पण दोघांनी ते आळस असं घेतलं, आणि बॅक ट्रान्सलेटरने "जिवाला धोका" असं इंग्रजी करून पाठवलं, त्यावर आम्ही बराच वेळ हसलो. शेवटी ठरलं, "साधीसाधी कामं करणंसुद्धा जड जातंय असं किती वेळा वाटलं?" आता आजींनी "अजिबात नाही" दिलं आणि त्या बाईंनी थोडा वेळ गप्प राहून "बराच वेळ" दिलं.

गंमत पुढे आहे. हे वाक्य इंग्रजीत परत आलं ते "साधी कामंही करायला अवघड वाटली" अशा अर्थाचं, आणि प्रकल्पाच्या टीमने लाल खूण केली, एफर्ट कुठाय, "साधी" हा शब्द तुम्ही कुठून आणलात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं कारण त्यांच्यासमोर फक्त दोन इंग्रजी वाक्यं होती. मी तक्त्यात आणखी एक रकाना घातला आणि दोन्ही मराठी वाक्यांना लोकांनी काय उत्तर दिलं आणि का दिलं ते त्यात त्यांच्याच शब्दांत लिहिलं. आजींचं वाक्य अर्थासकट टाकलं. त्यावर पुढच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटांत मंजुरी मिळाली, याआधी मेलवर आठवडा गेला होता.

एक शंका मात्र मी त्याच रकान्यात नोंदवून ठेवलीये. एका काकांनी "जड जातंय" ला "बराच वेळ" म्हटलं आणि कारण सांगितलं गुडघे. इंग्रजी प्रश्नातही शरीराचा थकवा आणि मनाचा थकवा वेगळा काढता येत नाही, त्यामुळे तेवढं तसंच ठेवलं.